सर्दी पुन्हा पुन्हा का होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मागच्या महिन्यातच तर झाली होती, पुन्हा कशी झाली?" हा प्रश्न प्रत्येक घरात वर्षातून दोन-चारदा तरी उमटतो. गोवर किंवा कांजिण्या एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच सर्दीचे हे वारंवार येणे चमत्कारिक वाटते आणि दोष बहुधा स्वतःच्या प्रकृतीला, पावसाला किंवा काल खाल्लेल्या दह्याला दिला जातो. खालील प्रश्नोत्तरांमध्ये सर्दीच्या सर्वांत मोठ्या कारणाचा, म्हणजे ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचा आणि त्याच्या शंभराहून अधिक प्रकारांचा विचार केला आहे.

सर्दी हा एकच आजार नाही का?

लक्षणांनी पाहिले तर एकच, कारणांनी पाहिले तर नाही. घसा खवखवणे, शिंका, नाक गळणे आणि मग नाक चोंदणे, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. पण तो शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा क्रम आहे आणि अनेक वेगवेगळे विषाणू तोच प्रतिसाद घडवून आणतात. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा असून सर्व सर्द्यांपैकी साधारण निम्म्या त्याच्यामुळे होतात. उरलेल्यांत कोरोना कुळातील जुने सौम्य विषाणू, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनोव्हायरस अशी मंडळी येतात. रुग्णाकडे पाहून नेमका विषाणू ओळखणे डॉक्टरांनाही शक्य नसते आणि साध्या सर्दीत तशी गरजही पडत नाही. त्यामुळे "मला पुन्हा सर्दी झाली" या वाक्यातील 'पुन्हा' हा शब्दच थोडा फसवा आहे. नाकाला अनुभव तोच आला, पण पाहुणा बहुधा दुसराच होता.

ऱ्हायनोव्हायरसचे प्रकार नेमके किती आहेत, आणि एक प्रकार दुसऱ्यापासून वेगळा आहे हे ठरवले कसे?

आजच्या गणनेनुसार सुमारे 160 हून अधिक प्रकार आहेत आणि ते ए, बी व सी अशा तीन जातींत विभागलेले आहेत. ए जातीत सुमारे 80, बी जातीत 30 च्या आसपास आणि सी जातीत 50 हून अधिक. 'शंभर प्रकार' हा जो आकडा अजूनही लेखांतून दिसतो, तो सी जात माहीत नसतानाचा आहे.

ही मोजणी कशी झाली हे पाहिले, तर सर्दी पुन्हा का होते याचे अर्धे उत्तर तिथेच मिळते. हा विषाणू 1950 च्या दशकात प्रथम हाती लागला, पण प्रयोगशाळेत तो नीट वाढत नव्हता. इंग्लंडमधील सॅलिसबरी येथे 1946 ते 1990 या काळात केवळ सर्दीवर संशोधन करणारे एक केंद्र होते. तिथे स्वयंसेवकांना काही दिवस ठेवून घेत आणि त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडून पुढे काय होते ते पाहत. त्या केंद्रातील डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास पेशींची संवर्धने शरीराच्या 37 अंशांऐवजी 33 अंश सेल्सिअसला ठेवली, म्हणजे साधारण नाकाच्या आतील तापमानाला, आणि अनेक विषाणू वाढू लागले.

विषाणू वाढू लागल्यावर वर्गवारी शक्य झाली. काचेच्या नळीत पेशींचा पातळ थर वाढवायचा आणि त्यावर विषाणू सोडायचा. पेशी गोल होऊन काचेपासून सुटू लागल्या की विषाणूने काम केले असे समजायचे. आता हाच विषाणू आधी एका विशिष्ट प्रकाराविरुद्ध तयार केलेल्या रक्तद्रवात मिसळायचा आणि मग पेशींवर सोडायचा. पेशी वाचल्या तर रक्तद्रवातील प्रतिपिंडांनी तो विषाणू ओळखला, म्हणजे तो त्याच प्रकारचा. पेशी मेल्या तर ओळखला नाही, म्हणजे प्रकार वेगळा. याच पद्धतीने प्रकारांना क्रमांक मिळत गेले आणि यादी 100 पर्यंत पोहोचली. 'वेगळा प्रकार' या शब्दांचा अर्थच मुळात 'दुसऱ्या प्रकाराच्या प्रतिपिंडांना न जुमानणारा' असा आहे. पुढच्या सर्दीला मागच्या सर्दीचे संरक्षण का चालत नाही, हे त्या यादीच्या व्याख्येतच लिहिलेले होते.

सी जात या पद्धतीच्या हाती कधीच लागली नाही, कारण नेहमीच्या पेशींमध्ये ती वाढतच नाही. रुग्णांच्या नमुन्यांतील जनुकीय क्रम थेट वाचण्याचे तंत्र आल्यावर, 2006 च्या सुमारास, ती उघडकीस आली. आता नवा प्रकार हा जनुकीय क्रमातील फरकावरून ठरवला जातो.

एकदा सर्दी झाल्यावर तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही का?

होते, आणि चांगली होते. 'सर्दीला प्रतिकारशक्तीच नसते' हा समज चुकीचा आहे. सॅलिसबरीसारख्या ठिकाणी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे, की एखाद्या प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यावर एक ते दोन आठवड्यांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आणि नाकातील स्रावात दिसू लागतात, सुमारे पाचव्या आठवड्यात त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते आणि वर्षभरानंतरही ती टिकून असतात. त्या काळात तोच प्रकार पुन्हा नाकात सोडला, तर बहुतेकांना सर्दी होत नाही किंवा अगदी नावापुरती होते.

इथे वेळेचा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो आणि आठवडा-दहा दिवसांत ती ओसरते, तर प्रतिपिंडे त्याच सुमारास नुकती तयार होऊ लागलेली असतात. याचा अर्थ असा, की चालू सर्दी बरी करण्याचे बरेचसे काम प्रतिपिंडांचे नसतेच. ते काम इंटरफेरॉनसारखी तातडीची रसायने आणि इतर पेशी करतात. प्रतिपिंडे तयार होतात ती पुढच्या वेळेसाठी. पण पुढच्या वेळी दाराशी येतो तो बहुधा दुसऱ्याच क्रमांकाचा विषाणू, आणि तयार केलेली कुमक बसून राहते.

मग एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारावर का चालत नाहीत? विषाणू तर एकाच कुळातले आहेत.

ऱ्हायनोव्हायरस अतिशय लहान आहे, व्यास सुमारे 30 नॅनोमीटर. त्याच्या बाहेर चरबीचे वेष्टन नसते, फक्त प्रथिनांचे टणक कवच असते. चार प्रथिनांच्या प्रत्येकी 60 प्रती एकमेकींत गुंतून हे कवच बनते. त्यांतील तीन प्रथिने बाहेरून दिसतात, चौथे आतल्या बाजूला राहते. प्रतिपिंडांना विषाणूचा जो काही चेहरा दिसतो तो या तीन बाह्य प्रथिनांचा, आणि त्यातही मुख्यतः पृष्ठभागावर उठून आलेल्या वळणांचा.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन यांच्या गटाने 1985 मध्ये 14 क्रमांकाच्या ऱ्हायनोव्हायरसची अणुपातळीवरील रचना उलगडली. तेव्हा असे दिसले, की कवचाच्या पृष्ठभागावर उंचवटे आहेत आणि त्यांच्याभोवती एक खोल दरी फिरते. बहुतेक ए आणि बी प्रकार आपल्या पेशीवरील आयकॅम-1 नावाच्या रेणूला पकडून आत शिरतात आणि ही पकड त्या दरीत बसते. पकडीची जागा बदलून विषाणूला चालणार नाही. ती बदलली तर तो पेशीत शिरूच शकणार नाही. म्हणून दरीचा तळ बऱ्याच अंशी सारखा राहतो, तर भोवतालचे उंचवटे प्रत्येक प्रकारात वेगळे असतात. आपली प्रतिपिंडे मुख्यतः उंचवटेच ओळखतात. कुलूप सर्वांचे एक, पण प्रत्येकाने दारावर वेगळीच नक्षी काढलेली आणि आपला पहारेकरी नक्षीवरून माणूस ओळखणारा, असा हा प्रकार आहे.

प्रतिपिंड इतके रुंद असते की ते दरीत शिरूच शकत नाही, असे सुरुवातीला मानले गेले. नंतर दरीत बरेच खोल पोहोचणारे एक प्रतिपिंड सापडले, त्यामुळे ती कल्पना जशीच्या तशी घेता येत नाही. तरीही उंचवट्यांवर प्रकारागणिक फरक आणि प्रतिपिंडांचा रोख त्यांच्यावरच, हा भाग टिकून आहे.

हा विषाणू फ्लूसारखा दरवर्षी रूप बदलतो, म्हणून तर असे होत नाही ना?

हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे आणि तो शास्त्रीय वाटत असल्याने काढून टाकणे अवघड जाते. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत कालचा वाण मागे पडून त्याच्या जागी बदललेला वाण येतो. रांगेत एकामागून एक उभे राहावे तसे. ऱ्हायनोव्हायरसच्या बाबतीत ती रांग नाही, तो भरलेला बाजार आहे. 1960 च्या दशकात क्रमांक मिळालेले प्रकार आजही ओळखू येतील अशा स्वरूपात फिरत आहेत, आणि एकाच शहरात एकाच हंगामात वीस-पंचवीस प्रकार शेजारी शेजारी नांदू शकतात. काही प्रकार थोडेफार बदलतातही, कारण आरएनए असलेल्या विषाणूंच्या नकलेत चुका होतच असतात. पण तुम्हाला ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये सर्दी झाली, तर ऑगस्टच्या विषाणूने दोन महिन्यांत रूप पालटले असे समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबरचा विषाणू ऑगस्टमध्येही अस्तित्वात होता; त्याची आणि तुमची गाठ तेव्हा पडली नव्हती, एवढेच.

आयुष्यभर सर्द्या होऊनही सगळे प्रकार 'संपत' का नाहीत?

हिशेबच मांडून पाहू. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून प्रमाण कळते. शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणे सामान्य मानले जाते. त्यांतल्या निम्म्या ऱ्हायनोव्हायरसच्या धरल्या तर वर्षाला तीन-चार प्रकार भेटतात. वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण उतरत जाते, म्हणून पहिल्या दहा वर्षांची सरासरी वर्षाला तीन धरू. दहाव्या वर्षापर्यंत झाले 30 प्रकार. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होतात, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसची सुमारे एक. दहाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत पन्नास वर्षांत आणखी 50 प्रकार. साठीला पोहोचलेल्या माणसाच्या खात्यावर जमा 80, आणि यादीत 160 हून अधिक. अर्धा बाजार अजून पाहायचाच आहे.

या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. लक्षणे न दिसता होणारे संसर्गही बरेच असतात आणि त्यांतूनही प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे जमा बाजू थोडी वाढते. उलट, जुन्या संसर्गांची प्रतिपिंडे वर्षानुवर्षांत ओसरत जातात आणि भेटलेला प्रकार पुन्हा भेटू शकतो, त्यामुळे ती थोडी घटते. प्रौढांच्या रक्तात तपासलेल्या प्रकारांपैकी सुमारे निम्म्यांविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात, असे जुन्या पाहण्यांत दिसले होते. आपला कच्चा हिशेबही त्याच्या जवळपासच येतो.

घरात मूल बालवाडीत जाऊ लागले की सगळ्यांनाच सर्दी का सुरू होते?

याचे उत्तर आमच्याच घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आहे. मुलगी पुण्यातल्या बालवाडीत जाऊ लागली त्या जूनपासून पुढचे वर्षभर, तिच्या सर्दीच्या दिवशी लाल, आम्हा नवरा-बायकोच्या सर्दीला निळी आणि आजींच्या सर्दीला हिरवी टिकली करायची, असे आम्ही ठरवले होते. दुधाच्या हिशेबाशेजारी या टिकल्या जमत गेल्या. वर्षअखेर मुलीच्या सात सर्द्या झाल्या, हिच्या तीन, माझ्या दोन आणि आजींची एक.

शाळा सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात पहिली लाल टिकली पडली. तिसऱ्या दिवशी हिचा घसा खवखवू लागला, पाचव्या दिवशी माझे नाक गळू लागले. आजी शेजारी झोपत असूनही त्यांना काहीच झाले नाही. विषाणू नाकात पोहोचल्यापासून लक्षणे सुरू होईपर्यंत साधारण दोन दिवस जातात आणि आजारी माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक विषाणू बाहेर टाकतो, हे लक्षात घेतले तर त्या टिकल्यांमधील अंतर बरोबर जुळते. ऑगस्टमधील सर्दी मात्र मुलीपुरतीच राहिली. तिच्याच रुमालाने तिचे नाक पुसणारे आम्ही दोघेही कोरडे राहिलो. तो प्रकार आम्हा दोघांना पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असावा, किंवा संसर्ग होऊनही लक्षणे दिसली नसावीत. प्रयोगशाळेत न जाता यांतले काय घडले ते सांगता येत नाही, आणि सात लाल टिकल्यांपैकी किती ऱ्हायनोव्हायरसच्या तेही नाही.

बालवाडीचा खरा परिणाम असा, की तिथे वीस-तीस घरांतील विषाणू एका खोलीत एकत्र येतात आणि ज्यांच्या खात्यावर जवळजवळ काहीच जमा नाही अशा मुलांमध्ये ते वाढतात. मूल त्यांतला एकेक घरी आणते. घरच्यांपैकी ज्याच्या यादीत तो नसतो, त्याला सर्दी होते.

एक सर्दी बरी होते न होते तोच दुसरी सुरू झाली. पहिलीच उलटली असे समजायचे का?

मोठ्या माणसात दोन्ही शक्यता असतात. लहान मुलात बहुधा ती दुसरी सर्दी असते. नमुन्यांतील जनुकीय क्रम वाचण्याची सोय झाल्यावर मुलांची अनेक आठवडे लागोपाठ तपासणी करण्यात आली. त्यांत वरवर पाहता महिनाभर चाललेली एकच सर्दी बहुतेक वेळा एकामागून एक आलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारांची मालिका निघाली. 'तीन आठवडे नाक वाहतेच आहे' अशी तक्रार असलेल्या मुलाच्या बाबतीत, मधे एक-दोन दिवस नाक कोरडे होते का आणि त्यानंतर घसा दुखून पुन्हा पहिल्यापासून क्रम सुरू झाला का, हे आठवून पाहावे. तसे असेल तर तो नवा संसर्ग समजावा.

लक्षणे उतरणीला लागून, सातव्या-आठव्या दिवसानंतर पुन्हा ताप चढला, गालाच्या हाडापाशी किंवा कपाळात ठणका सुरू झाला किंवा कान दुखू लागला, तर मात्र ही नवी सर्दी नसून जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

पावसात भिजल्याने किंवा थंडीने सर्दी होते हे खरे की खोटे?

विषाणूशिवाय ही सर्दी होत नाही, एवढे निश्चित. याचा सर्वांत सुंदर पुरावा उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन बेटावरचा आहे. तिथे लाँगयिअर नावाची कोळसा खाणकामगारांची वस्ती होती, लोकसंख्या सुमारे पाचशे. हिवाळ्यात समुद्र गोठून जहाजे बंद होत आणि वस्ती कित्येक महिने जगापासून तुटत असे. 1930-31 मध्ये तिथे राहून अभ्यास केलेल्या संशोधकांना असे आढळले, की कडाक्याच्या थंडीच्या त्या महिन्यांत सर्दी जवळजवळ नाहीशी होते आणि वसंतात पहिले जहाज धक्क्याला लागले की काही दिवसांत गावभर शिंका सुरू होतात. पाचशे माणसांत विषाणूला नवी नाके पुरेशी मिळत नाहीत. जे प्रकार होते ते सर्वांना होऊन विझून गेले आणि जहाजाने नवे आणले. पुणे किंवा मुंबईत असे विझणे कधीच होत नाही, कारण इथे जहाज रोजच येते.

तरीही आजीचे म्हणणे सगळेच मोडीत काढू नये. 2005 मध्ये कार्डिफ येथे 90 जणांचे पाय थंड पाण्यात बुडवून ठेवले आणि दुसऱ्या 90 जणांचे कोरडेच ठेवले. पुढील काही दिवसांत पहिल्या गटातील 13 आणि दुसऱ्या गटातील 5 जणांनी सर्दीची लक्षणे सांगितली. मात्र त्यांच्या नाकात विषाणू होता का, हे तिथे तपासले नव्हते. येल विद्यापीठात 2015 मध्ये उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर झालेल्या कामात, 37 अंशांच्या तुलनेत 33 अंशांना इंटरफेरॉनचा प्रतिसाद क्षीण असतो असे दिसले. म्हणजे नाक गार असणे विषाणूच्या पथ्यावर पडते, हे शक्य आहे. पण पावसाळ्यात आपल्याकडे सर्दी वाढते त्यात भिजण्यापेक्षा, जूनमध्ये शाळा उघडणे आणि खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसणे, यांचा भाग मला अधिक वाटतो.

दही आणि केळे यांच्यावरचा आरोप मात्र सिद्ध झालेला नाही.

सर्दी पसरते नेमकी कशी? हात धुतले की पुरते का?

हाताने नाकात-डोळ्यांत विषाणू जाणे आणि हवेतील बारीक थेंबांतून तो श्वासाबरोबर जाणे, हे दोन्ही मार्ग आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी मुद्दाम आठवावा. सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना एका टेबलाशी बारा तास पत्ते खेळायला बसवले. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हातांना किंवा गळ्याभोवती असे अडसर बांधले होते, की त्यांचा हात स्वतःच्या चेहऱ्याला लागूच नये. मोकळ्या 18 पैकी 12 जणांना संसर्ग झाला, आणि अडसर बांधलेल्या 18 पैकी 10 जणांना. फरक किरकोळ, म्हणजे त्या खोलीत मुख्य वाट हवेचीच होती. इतर प्रयोगांत हातांमार्फत होणारा प्रसारही दाखवला गेला आहे, त्यामुळे हात धुणे सोडू नये. पण हात धुऊनही सर्दी झाली तर नवल मानू नये. खिडकी उघडणे आणि पहिले तीन दिवस मुलाला घरी ठेवणे, हे उपायही तितकेच मोलाचे आहेत.

मला वर्षातून चार-पाच वेळा सर्दी होते. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का?

केवळ सर्दीच्या संख्येवरून तसे म्हणता येत नाही. लहान मुलांत राहणारे, शाळेत शिकवणारे, लोकलने रोज प्रवास करणारे लोक अधिक प्रकारांना भेटतात. झोपेचा परिणाम मात्र दिसून आला आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात, ज्यांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरस सोडला त्यांच्यापैकी रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट होते. प्रतिकारशक्तीत खरा दोष असला तर तो वेगळ्या रूपात दिसतो: न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होणे, कानातून वारंवार पू येणे, शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागणे, मुलाचे वजन न वाढणे. नुसते वाहते नाक त्या यादीत नाही.

आणखी एक शक्यता तपासावी. शिंका एकदम दहा-पंधरा येतात, नाक-डोळ्यांना खाज सुटते, स्राव पाण्यासारखा राहतो, घसा दुखत नाही, ताप कधीच नसतो आणि सकाळी उठल्यावर किंवा माळ्यावरची धूळ झटकताना त्रास हटकून होतो, असे असेल तर ती सर्दी नव्हे, ॲलर्जी आहे. 'बाराही महिने सर्दी' सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे दुखणे हेच असते आणि त्यावरचे उपचारही वेगळे आहेत.

शेंबूड हिरवा झाला, आता अँटिबायोटिक घ्यावे का?

नाही. हिरवट रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील एका विकरामुळे येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही.

इतक्या वर्षांत सर्दीवर लस का निघाली नाही?

प्रयत्न फार लवकर झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विन्स्टन प्राइस यांनी 1957 मध्येच आपल्याला सापडलेल्या एका विषाणूविरुद्धची लस जाहीर केली होती आणि ती त्या विषाणूपुरती उपयोगी दिसली. पण त्यानंतर यादी लांबत गेली, आणि एका प्रकाराची लस म्हणजे शंभर दारांच्या वाड्याचे एक दार लावून घेणे ठरले. 1970 च्या दशकात दहा प्रकार एकत्र करून पाहिले, तेव्हा लस घेणाऱ्यांत त्यांतल्या थोड्याच प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे वाढली. 2016 मध्ये अमेरिकी संशोधकांनी 50 प्रकारांचे मिश्रण माकडांना टोचले आणि त्यांतील जवळजवळ सर्व प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे मिळाली. म्हणजे एका लशीत खूप प्रकार कोंबणे तत्त्वतः शक्य आहे. मात्र प्रत्येक प्रकार वेगळा वाढवून, शुद्ध करून, पुरेशा मात्रेत घालावा लागतो. सी जात तर नेहमीच्या पेशींत वाढतच नाही. आणि आठवड्यात आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारासाठी एवढा खर्च कोण करील, हा प्रश्न उरतोच.

दमा असलेल्या मुलाला सर्दीनंतर इतका त्रास का होतो?

कारण ऱ्हायनोव्हायरस नाकातच थांबतो असे नाही. सी जात आपल्या पेशींवरील सीडीएचआर3 नावाच्या प्रथिनाला पकडते, हे 2015 मध्ये स्पष्ट झाले. हे प्रथिन श्वासनलिकेतील केसाळ पेशींवर असते आणि त्याचा एक जनुकीय प्रकार असलेल्या मुलांत दम्याचे तीव्र झटके अधिक दिसतात. म्हणून दमेकरी मुलाची सर्दी 'साधी' समजू नये. नाक वाहू लागताच डॉक्टरांनी लिहून दिलेली पंपाची योजना सुरू करावी, आणि श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आजींना सर्दी कमी होते, ती कशामुळे?

मुख्यतः त्यांच्या खात्यावर जमा असलेल्या प्रकारांमुळे, आणि काही अंशी त्या गर्दीत कमी जातात म्हणून. आमच्या दिनदर्शिकेवरील एकमेव हिरवी टिकली जानेवारीतली आहे. घरात त्या आठवड्यात इतर कोणालाच सर्दी नव्हती. आजी मात्र दोन दिवस आधी नातेवाइकांच्या लग्नाला जाऊन आल्या होत्या. लग्नघरात कोणाकडून तरी त्यांना न भेटलेला एक प्रकार मिळाला असावा. तो त्यांच्याकडून आमच्याकडे आला नाही, आणि त्यांची ती सर्दी मुलीच्या सर्दीपेक्षा चार दिवस जास्त रेंगाळली, छातीत कफ साठून त्यांना एकदा तपासून आणावे लागले. वय वाढल्यावर सर्द्यांची संख्या घटते, पण जी होते ती छातीत उतरण्याची शक्यता वाढते. म्हणून सर्दी झालेल्या नातवंडाने पहिले तीन-चार दिवस आजीच्या शेजारी न झोपणे बरे.